जंप स्टार्टर ही पॉवर बँक नव्हे

मोटारीची बॅटरी उतरली असता इंजिन सुरू करण्यासाठी जो हातात मावणारा लिथियम पॅक वापरला जातो, त्याला जंप स्टार्टर म्हणतात. रंग, आकार, यूएसबीची खाच आणि चार्ज दाखवणारे चार दिवे या सर्व बाबतींत तो फोनच्या पॉवर बँकेसारखा दिसत असल्यामुळे विकणारे आणि विकत घेणारे दोघेही त्याला पॉवर बँकेचाच थोरला भाऊ समजतात. ही समजूत केवळ अपुरी नसून धोक्याची आहे, कारण पॉवर बँकेत जी व्यवस्था वापरणाऱ्याच्या निष्काळजीपणावर पांघरूण घालते, तीच व्यवस्था जंप स्टार्टरमध्ये हेतुपुरस्सर वगळलेली असते.

दोन्ही साधनांत लिथियमचे सेल असतात आणि एका सेलचा दाब, म्हणजे व्होल्टेज, साधारण ३.७ व्होल्ट असतो. पॉवर बँकेत असे सेल एकेकटे किंवा समांतर जोडलेले असतात आणि सेल व बाहेरची खाच यांच्यामध्ये एक सर्किट कायम पहारा देत असते. ते दाब वाढवून ५ व्होल्ट करते, प्रवाह दोन-तीन अँपियरवर रोखून धरते आणि काही गडबड जाणवली तर पुरवठा तोडते. जंप स्टार्टरमध्ये मात्र बहुधा तीन सेल एकापुढे एक, म्हणजे एकसर, जोडलेले असतात. त्यांचा एकत्रित दाब ११.१ व्होल्ट आणि पूर्ण चार्ज झाल्यावर १२.६ व्होल्ट होतो, आणि हा दाब कोणत्याही रूपांतराशिवाय जाड तारांतून थेट लाल-काळ्या चिमट्यांपर्यंत जातो.

असे का करावे लागते, हे एका छोट्या हिशेबावरून ध्यानात येते. मध्यम पेट्रोल मोटारीचा सेल्फ मारताना स्टार्टर मोटर सुमारे २०० अँपियर प्रवाह ओढते आणि तेवढ्या वेळात दाब १० व्होल्टच्या आसपास उतरतो असे धरले, तर त्या क्षणी २,००० वॅट शक्ती लागते. ५ व्होल्ट आणि २ अँपियर देणारी पॉवर बँक फक्त १० वॅट पुरवते, म्हणजे फरक दोनशे पटींचा आहे. पण सेल्फ ३ सेकंदच मारायचा असल्याने एकूण ऊर्जा जेमतेम पावणेदोन वॅट-तास खर्च होते, आणि एवढ्यात फोनसुद्धा पुरता भरत नाही. म्हणूनच जंप स्टार्टरचे वैशिष्ट्य साठ्यात नसून साठा सोडण्याच्या वेगात आहे, आणि त्यासाठी त्यात अंतर्गत अडथळा अत्यंत कमी असलेले, पाकिटाच्या आकाराचे खास सेल वापरतात. खोक्यावर छापलेला १८,००० मिलिअँपियर-तासांचा आकडाही त्यामुळे दिशाभूल करतो, कारण तो पुष्कळदा तीन सेलांच्या क्षमतेची नुसती बेरीज असतो आणि चिमट्यांच्या दाबाला प्रत्यक्षात त्याचा तिसरा हिस्साच, म्हणजे ६,०००, उरतो.

या रचनेचा सर्वांत कमी ओळखला गेलेला परिणाम असा की चिमट्यांचा रस्ता दुतर्फा खुला असतो. पॅकमधून जितक्या सहज प्रवाह बाहेर पडतो, तितक्याच सहज तो आतही शिरू शकतो. इंजिन सुरू झाले की अल्टरनेटर, म्हणजे इंजिनाच्या जोरावर वीज निर्माण करणारे यंत्र, मोटारीच्या तारांवर १३.८ ते १४.५ व्होल्ट दाब ठेवतो. पॅकची कमाल मर्यादा १२.६ व्होल्ट असल्यामुळे चिमटे तसेच राहिले तर वीज उलट दिशेने पॅकमध्ये घुसते, आणि तिला आवर घालणारे चार्जिंगचे सर्किट त्या वाटेवर नसते, ते फक्त चार्जरच्या खाचेमागे असते. चांगल्या चिमट्यांच्या तारेवर एक छोटी डबी असते आणि तिच्यातील इलेक्ट्रॉनिक झडप हा उलटा प्रवाह अडवते, परंतु स्वस्त पॅकसोबतच्या चिमट्यांत ती असेलच असे नाही.

प्रस्तुत लेखकाच्या बाबतीत नेमके हेच घडले. पावसाळ्यात बरेच दिवस सोसायटीच्या आवारात उभी राहिलेली मोटार सुरू होईना, तेव्हा ज्या दुकानातून पॅक घेतला होता त्याच दुकानातून, पैसे मोजून, माणूस बोलावण्यात आला. त्याने चिमटे बरोबर लावले, सेल्फ मारताच इंजिन सुरू झाले, आणि तेथपर्यंत तक्रारीला जागा नव्हती. इंजिन सुरू झाल्यावर ३० सेकंदांच्या आत चिमटे काढावेत, ही माहितीपत्रकातील ओळ त्याला वाचून दाखवली असता त्याने माहितीपत्रक हातानेच बाजूला सारले आणि, "राहू द्या हो, गाडी चालू आहे तोवर पॅकपण फुकटात चार्ज होईल, पॉवर बँकच आहे ती," असे सांगून तो बॉनेट उघडे ठेवून फोनवर बोलत राहिला. दुसऱ्यांदा हटकल्यावर, आपण रोज अशा गाड्या सुरू करतो, हे त्याचे उत्तर होते.

नंतर जे दिसले ते जवळून पाहण्यासारखे होते. बॅटरीशेजारी सपाट ठेवलेला पॅक मधोमध उचलला गेल्यासारखा दिसू लागला, वरच्या आणि खालच्या प्लास्टिकमधील शिवण एका कडेला उकलली आणि तिच्यातून आतल्या पाकिटाचा चंदेरी कागद डोकावू लागला. पॅकचे बटण आत रुतून बसले, हात लावला तर चटका बसत होता, आणि नेलपॉलिशच्या जवळ जाणारा गोडसर वास येऊ लागला. असा वास सेलमधील द्रावक बाहेर पडू लागल्याची खूण मानला जातो. पुढे वर्कशॉपमध्ये मीटर लावला असता त्या मोटारीचा चालू इंजिनावरील दाब १४.३ व्होल्ट भरला, म्हणजे तीन सेलांपैकी प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे ४.७७ व्होल्ट आले होते. अशा सेलची मर्यादा ४.२ व्होल्ट असते. त्यापुढे दाब गेला की आतले रासायनिक द्रव्य विघटित होऊन वायू सुटतो, सेल फुगतो, आणि उष्णता स्वतःच स्वतःला वाढवू लागली तर पेट घेतो. येथे पेट घेतला नाही, याचे श्रेय दुकानाच्या माणसाकडे जात नाही.

दुकानदाराने वॉरंटी नाकारताना "ग्राहकाने चुकीचा वापर केला" असा शेरा पावतीवर मारला. चिमटे कोणी लावले, ते कोणी काढू दिले नाहीत आणि पॅक फुकटात चार्ज करण्याची कल्पना कोणाची, हे तिघा शेजाऱ्यांसमोर घडलेले असूनही त्या शेऱ्यात त्याला जागा मिळाली नाही. वापर चुकीचा होता हे निःसंशय, पण तो ग्राहकाचा नव्हता, आणि ज्याला आपण विकतो ती वस्तू काय आहे हेच ठाऊक नाही, त्याने दुसऱ्याच्या वापराचा निवाडा करावा हे न्याय्य म्हणता येत नाही.

या अनुभवातून निघणारे पहिले मार्गदर्शन खरेदीविषयी आहे. चिमट्यांच्या तारेवर डबी आहे काय हे प्रथम पाहावे, आणि उलट्या जोडणीपासून, शॉर्ट सर्किटपासून व उलट चार्जिंगपासून संरक्षण या तिन्ही गोष्टी माहितीपत्रकात स्वतंत्रपणे लिहिलेल्या आहेत काय हे वाचावे, कारण पहिल्या दोन असून तिसरी नसणे शक्य असते. चिमटे पॅकला जोडून, पण मोटारीला न लावता, त्यांच्या जबड्यांवर मल्टिमीटर धरला असता दाब जवळजवळ शून्य दिसला तर डबी वीज अडवून ठेवते आहे असे समजावे, आणि १२ व्होल्टच्या आसपास दिसला तर ते उघडे चिमटे आहेत व एकमेकांना टेकताच ठिणग्या उडतील. ही चाचणी उलट चार्जिंगविषयी मात्र काही सांगत नाही, त्यामुळे चिमटे कसलेही असले तरी ३० सेकंदांचा नियम पाळावाच. लोह-फॉस्फेट प्रकारचे चार सेल असलेल्या पॅकची मर्यादा १४.६ व्होल्टपर्यंत जात असल्याने ते अल्टरनेटरचा दाब अधिक सोसतात, पण त्यांनाही हा नियम माफ होत नाही.

दुसरे मार्गदर्शन जोडणीच्या क्रमाचे आहे. मोटारीची किल्ली बंद करून लाल चिमटा बॅटरीच्या धन टोकाला लावावा आणि काळा चिमटा इंजिनाच्या रंग नसलेल्या धातूला, बॅटरीपासून दूर लावावा, कारण शिशाच्या बॅटरीतून हायड्रोजन वायू सुटत असतो आणि ठिणगी त्याच्याजवळ पडू नये. माहितीपत्रकात वेगळी जागा सांगितली असेल तर ती प्रमाण मानावी. सेल्फ ३ सेकंदांहून अधिक मारू नये आणि गाडी सुरू न झाल्यास निदान अर्धा मिनिट पॅकला उसंत द्यावी. बॅटरी अगदीच मेलेली असली तर डबी तिला ओळखत नाही, आणि अशा वेळी वापरण्यासाठी 'बूस्ट' नावाचे बटण दिलेले असते. ते दाबताच बहुतेक संरक्षणे बाजूला होतात आणि उलटे लावलेले चिमटेही जिवंत होतात, म्हणून धन-ऋण खुणांवरची धूळ पुसून, डोळ्यांनी पाहून खात्री केल्याखेरीज त्या बटणाला हात लावू नये. ट्रक आणि एस.टी. बस यांची २४ व्होल्टची यंत्रणा अशा पॅकसाठी नसतेच.

साठवणुकीविषयी थोडक्यात एवढे पुरे की पॅक उन्हात उभ्या मोटारीत ठेवू नये, वापरानंतर गार झाल्यावरच चार्ज करावा, आणि दर तीन महिन्यांनी त्याची पातळी तपासावी. फुगलेला पॅक पुन्हा चार्ज करणे, टोचून वायू काढणे किंवा कचऱ्याच्या डब्यात टाकणे यांपैकी काहीही करू नये. तो घराबाहेर, जळण्याजोग्या वस्तूंपासून दूर, फरशीवर ठेवावा आणि ई-कचरा घेणाऱ्या केंद्राकडे द्यावा. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे.

शेवटी, दुकानाचा माणूस बोलावल्यास चिमटे लावल्यापासून काढेपर्यंतचे चित्रण फोनवर करून ठेवावे आणि माहितीपत्रकाचे पान समोर धरावे. वॉरंटी नाकारली गेल्यास कारण लेखी मागून घ्यावे, आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. प्रस्तुत प्रकरणात चित्रण नव्हते, म्हणून खोटा शेरा पावतीवर तसाच राहिला. ज्याच्याजवळ चित्रण असेल, त्याच्या पावतीवर तो लिहिण्यापूर्वी दुकानदाराला विचार करावा लागेल.