आधी कर्ता, मग एस

अगं, शाळेत पाचवीचं इंग्रजी तुझ्याकडे आलंय म्हणालीस, म्हणून सांगते. 'ही, शी, इट आलं की क्रियापदाला एस' हा नियम मुलं दोन दिवसांत धडाधड म्हणून दाखवतील. आणि तिसऱ्या दिवशी वहीत लिहितील, 'माय फादर गो टू द फील्ड'. तेव्हा रागावू नकोस. घरी ते मूल 'बाबा शेतात जातात' म्हणतं. आदरार्थी बहुवचन त्याच्या तोंडात मुरलेलं असतं, त्यामुळे इंग्रजीतही त्याचे बाबा 'दे'च होतात. आई मात्र 'जाते', म्हणून तिच्या वाक्यात ही अडचण येत नाही. आजोबा, काका, सर, बाई यांची वाक्यं मुद्दाम दे, चूक तिथेच दिसेल.

दुसरी खोच अशी की 'मी जातो' आणि 'तो जातो' यांत आपलं क्रियापद बदलतच नाही. बदलतं ते 'तू जातोस'ला, आणि तिथे शेवटी नेमका स ऐकू येतो! म्हणून एखादं हुशार पोर 'यू गोज' लिहितं, तेव्हा त्याचं डोकं चाललेलंच असतं, फक्त मराठीत.

यावर माझा उपाय साधा. क्रियापदाला हात लावायच्या आधी कर्त्याखाली रेघ मारायची आणि त्याच्या डोक्यावर पेन्सिलीनं ही, शी, इट, वी किंवा दे लिहायचं. बाबांवर 'ही', बाबा आणि काका दोघांवर मिळून 'दे'. हे झाल्यावरच एस. पुस्तकातल्या रिकाम्या जागांच्या स्वाध्यायात मुलं कंसातलं क्रियापद बघतात आणि कर्ता वाचतच नाहीत. सगळ्या वाक्यांत कर्ता एकवचनीच असला, तर न वाचता पैकीच्या पैकी मिळतात. म्हणून मध्येमध्ये 'माय सिस्टर्स' आणि 'यू' घालत जा.

आता स्पेलिंग. एक उतारा घेऊन बघू: मी सहाला उठते, तोंड धुते, अभ्यास करते, खेळते, टीव्ही बघते, दप्तर उचलून शाळेत जाते. इंग्रजीत गेट अप, वॉश, स्टडी, प्ले, वॉच, कॅरी, गो. मुलांना 'आय'च्या जागी 'माय सिस्टर' घालून सगळा उतारा पुन्हा लिहायला सांग. एवढ्यात सगळे प्रकार येतात.

वॉश आणि वॉच मोठ्यांदा म्हणायला लाव. शेवटी श, च, स, झ, क्स असा घासणारा आवाज असला, की नुसता स चिकटतच नाही, मध्ये स्वर घ्यावा लागतो: वॉशेस, वॉचेस. कानाला जास्तीचा स्वर आला की ई-एस. एक अपवाद सांगून ठेव: 'डान्स'मध्येही तो स्वर ऐकू येतो, पण तिथे शेवटी ई आधीच बसलेला आहे, म्हणून फक्त एस. गो आणि डू यांना असा आवाज नसूनही ई-एस लागतो, आणि हॅवचं हॅज होतं. ही तीन पाठच करून घे, कारणं शोधत बसू नकोस.

वायच्या बाबतीत कान उपयोगी पडत नाही, डोळेच लागतात. वायच्या मागच्या अक्षराभोवती गोल काढायला लाव. स्टडीत मागे डी आहे, कॅरीत आर. दोन्ही व्यंजनं, म्हणून वाय जातो, त्या जागी आय येतो आणि पुढे ई-एस. प्लेमध्ये मागे ए आहे, एंजॉयमध्ये ओ, बायमध्ये यू. मागे स्वर असला की वायला धक्का लावायचा नाही, नुसता एस. मुलं पहिल्या आठवड्यात स्टडीचा वाय तसाच ठेवून एस लावतात. नियम शिकल्यावर उलटं होतं, प्लेचाही वाय उडवतात. ही दुसरी चूक मला बरी वाटते, कारण नियम पोचलाय, फक्त गोल काढायचा राहिलाय. 'गेट अप'ला मात्र एस 'गेट'लाच, 'अप'ला नाही.

तपासताना एस विसरलेलं आणि स्पेलिंग चुकलेलं यांना एकच फुली मारू नकोस. पहिल्याला कर्त्यापाशी खूण कर, दुसऱ्याला शेवटच्या अक्षरापाशी. म्हणजे कुठे परत जायचं ते त्याला कळेल.

आणि नकारार्थी वाक्यं याच आठवड्यात घेऊ नकोस. 'डझन्ट' आलं की एस त्यानंच घेतलेला असतो आणि पुढे नुसतं 'स्टडी' उरतं. नुकतंच एस लावायला शिकलेलं मूल तिथेही 'स्टडीज' लिहिणारच. एस हातात बसू दे, मग तो काढायला शिकव.