दिवसा मोजलेली उंची

आमच्या लघुपटातला स्टंट म्हणजे नायक भिंतीवरून खाली उडी मारून पळतो, एवढंच. भिंत जेमतेम चार फूट. मुलुंडला मित्राच्या मामांच्या बंद गोदामाचं आवार फुकटात मिळालं होतं. आम्ही सहा जण, एक कॅमेरा आणि भाड्याने आणलेले दोन एलईडी दिवे. संध्याकाळी पाचला आम्ही सगळ्यांनी ती उडी मारून पाहिली, खाली कापसाच्या दोन गाद्या टाकल्या होत्या. मी वहीत धोक्यांची यादीही केली: भिंत, वायर, डास. प्रत्येकापुढे बरोबरची खूण.

उडीचा नंबर लागला पहाटे तीनला. चार टेक झाले. कॅमेरावाला म्हणाला, "अजून एक, सेफ्टीसाठी." त्या शब्दाचं मला अजून हसू येतं. पाचव्या उडीत मित्राचा पाय दोन गाद्यांच्या मधल्या फटीत गेला, तो पुढे झुकला आणि त्याने हात टेकला. "काही नाही रे, चला," म्हणत उठला, आणि तिथेच पांढराफटक पडला. मनगट मोडलं होतं. फाटकाला कुलूप, आणि किल्ली घेऊन वॉचमन चहाला गेलेला. रिक्षात बसायला आम्हाला वीस मिनिटं लागली.

नंतर फुटेज पाहिलं, तेव्हा सगळं समोरच दिसत होतं. दवाने ओल्या झालेल्या लादीवर प्रत्येक उडीसरशी गादी थोडी सरकत होती. पहिल्या टेकला फट नव्हती, चौथ्याला चांगली वीतभर होती. बघणारं कोणीच नव्हतं, कारण सगळे मॉनिटरला चिकटलेले. शिवाय चांदणं भासावं म्हणून आम्ही दिवा समोर हलवला होता, तो भिंतीवर उभ्या राहणाऱ्याच्या थेट डोळ्यांत. अंधाराला डोळे पुरते सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात. आम्ही प्रत्येक टेकला त्याचे डोळे दिपवत होतो आणि काळ्या खड्ड्यात उडी मार म्हणत होतो.

गादीबद्दलही आमचा समज उलटा होता. चार फुटांवरून पडलेला माणूस ताशी सतरा-अठरा किलोमीटर वेगाने जमिनीला भिडतो. पायांवर उतरताना हा वेग गुडघे आणि कंबर वाकवून जिरवायचा असतो, आणि त्यासाठी पायाखाली घट्ट, सपाट जमीन लागते. मऊ गादीत पाऊल तिरकं रुततं आणि घोटा मुरगळतो. अंगावर पडायचं असेल तरच खाली मऊ हवं, आणि तेही भरपूर जाड. सिनेमातले फायटर रिकामे पुठ्ठ्याचे खोके रचून, बांधून त्यावर पडतात. खोके चेपत जातात म्हणून शरीराला थांबायला अंतर मिळतं. चार इंचांची गादी ते देत नाही.

आता आम्ही अख्खी उडी मारतच नाही. नायक भिंतीवर चढतो आणि पलीकडे फूटभर खाली ठेवलेल्या भक्कम टेबलावर उतरतो, तेवढ्यात फ्रेमबाहेर जातो. दुसऱ्या शॉटमध्ये कॅमेरा जमिनीलगत, आणि तो बुटक्या स्टुलावरून उतरतो. दोन्ही जोडले की रात्री कुणाला शंका येत नाही.

यादी मात्र अजून करतो, फक्त आता दोनदा: एकदा दिवसा, आणि पुन्हा त्या शॉटच्या वेळी, दिवे लावून, उडी मारणाऱ्याच्या जागी उभं राहून. प्रत्येक धोक्यापुढे दोन गोष्टी लिहितो: बघणार कोण, आणि काय बदललं तर थांबायचं. दिवा हलला, जमीन ओली झाली, नवा माणूस आला, की आधीची खूण बाद. पडण्याच्या जागेवर लक्ष ठेवणाऱ्याने मॉनिटरकडे फिरकायचं नाही. टेक तीनच. फाटकाची किल्ली आमच्यातल्याच एकाच्या खिशात, आणि १०८ ला सांगायचा पत्ता खुणेसकट वहीच्या पहिल्या पानावर.

व्यावसायिक मंडळींचं हे चुकत नाही असं नाही. २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये बंगळूरजवळ 'मस्तीगुडी' या कन्नड चित्रपटासाठी हेलिकॉप्टरमधून जलाशयात उडी घेतलेले अनिल आणि उदय हे दोन अभिनेते बुडाले. उडीनंतर त्यांना पाण्याबाहेर कोण आणि कसं काढणार, हे उडीआधीच पक्कं व्हायला हवं होतं.

सगळ्यात अवघड असतं ते "थांबा" म्हणणं. मित्रांमध्ये फार संकोच वाटतो, रसभंग करणारा कोणालाच व्हायचं नसतं. म्हणून आमच्यात नियम आहे: तो शब्द कोणीही उच्चारावा, कारण विचारायचं नाही. गेल्या महिन्यात बोरिवलीला एका गच्चीवर, दोन टेकनंतर, चहा वाटणाऱ्या पोराने तो उच्चारला. दिव्याची वायर पायरीवर आली होती. वायर बाजूला केली, घड्याळ पाहिलं, आणि तिसरा टेक न घेताच सामान बांधलं. रात्रभर जागलेल्या बाइकवाल्यांनाही चाव्या हातात दिल्या नाहीत. स्टेशनवर बसलो, पहिल्या लोकलची वाट बघत.