थुंकी नको, बेडका हवा

दम्मामच्या लेबर कॅम्पात खोकणाऱ्या माणसाला गोळ्या सगळेच सुचवतात, तपासून घे असं कुणी म्हणत नाही. कारण सगळ्यांना ठाऊक असतं. आखातात जाण्याआधीच्या मेडिकलमध्ये छातीचा एक्स-रे काढतात आणि तिकडे गेल्यावर टीबी निघाला की परतीचं तिकीट हातात पडतं. एजंटचे पैसे फिटलेले नसतात, घरी हप्ते चालू असतात. मग खोकला एसीच्या गारव्यावर किंवा वाळूच्या धुळीवर ढकलला जातो. आम्ही खोलीत आठ जण होतो. दुमजली खाटा, एसी चालू म्हणून खिडकी कायम बंद, आणि रात्रभर एकमेकांच्या श्वासातली तीच हवा. टीबीचा जंतू अशाच हवेतून एकाच्या छातीतून दुसऱ्याच्या छातीत जातो. ताटातून किंवा कपड्यांतून तो जात नाही.

करार संपवून चाकणजवळ निघोज्याला घरी आलो तेव्हा खोकला महिन्यापेक्षा जुना झाला होता. संध्याकाळी कणकण यायची, पहाटे बनियन घामाने भिजलेलं असायचं, वजन 66 वरून 58 वर आलं होतं. गावातल्या एका डॉक्टरांनी छातीत कफ आहे म्हणून खोकल्याचं औषध आणि लेव्होफ्लॉक्सासिनच्या गोळ्या दिल्या. चार दिवसांत ताप उतरला, भूक लागली. आई म्हणाली, घरचं पाणी लागलं. गोळ्या संपल्या आणि पंधरवड्यात सगळं परत आलं.

इथे थोडं थांबून सांगायला हवं, कारण चाकण पट्ट्यात कंपनीच्या पाळ्या करणाऱ्या कितीतरी पोरांचं असंच होतं. लेव्होफ्लॉक्सासिन साध्या न्यूमोनियाला देतात, पण टीबीच्या जंतूलाही त्याचा मार बसतो. सगळे जंतू मरत नाहीत, दबतात. तेवढ्या दिवसांत तपासणी केली तर ती चुकीने निगेटिव्ह येऊ शकते, आणि उरलेले जंतू त्या औषधाला सरावतात ते वेगळंच. म्हणून दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर आधी तपासणी करायची, अँटिबायोटिक नंतर. आणि घेतलंच असेल तर रिकामी पट्टी सोबत न्यायची. आमच्या आळीतल्या आशाताईंनी मला हेच सांगितलं आणि चाकणच्या ग्रामीण रुग्णालयात पाठवलं.

एक्स-रेत उजव्या बाजूला वरच्या भागात सावली दिसली. मला वाटलं, झालं निदान. डॉक्टरांनी मात्र विचारलं, "काम कसलं करत होता?" फॅब्रिकेशनचं, म्हटलं, आणि शेजारीच लोखंडावर ग्रिट ब्लास्टिंग चालायचं. त्यावर ते म्हणाले, दगडाच्या बारीक धुळीनेही फुप्फुसाच्या वरच्या भागात डाग पडतात, आणि तशा फुप्फुसात टीबी लवकर घर करतो. म्हणजे काहीतरी आहे एवढंच एक्स-रे सांगतो. काय आहे ते बेडक्यातूनच कळतं. भोसरी-चाकणच्या फाउंड्रीत, मोल्डिंगला किंवा शॉट ब्लास्टिंगला असणाऱ्यांनी आपलं काम डॉक्टरांना आपणहून सांगावं, कारण ते विचारतीलच असं नाही.

लॅबमधल्या ताईंनी झाकणाची प्लास्टिकची नळी हातात दिली. माझ्या आधीच्या माणसाने दिलेली नळी त्यांनी उजेडात धरली आणि परत केली. आत पांढरा, पातळ फेस होता. "दादा, ही थुंकी झाली. मला बेडका पाहिजे." तो बिचारा पुन्हा बाहेर गेला. मग माझ्याकडे वळून त्यांनी सगळं नीट समजावलं. नमुने दोन द्यायचे, एक तिथेच आणि एक दुसऱ्या दिवशी पहाटे उठल्या-उठल्या, कारण रात्रभर कफ छातीत साठलेला असतो. आधी नुसत्या पाण्याने चूळ भरायची. दोन-तीन वेळा खोल श्वास घ्यायचा, शेवटचा क्षणभर रोखायचा आणि पोटातून जोर लावून खोकायचं. घसा खाकरून काढलेलं उपयोगाचं नाही. घट्ट, पिवळसर किंवा चिकट असं चहाच्या चमच्याइतकं निघालं तरी पुरे. झाकण घट्ट लावायचं, नळी बाहेरून पुसायची आणि त्याच दिवशी लॅबला पोचवायची. हे सगळं उघड्यावर करायचं. मी पहाटेचा नमुना गच्चीवर जाऊन दिला. खाली आमच्या भाड्याच्या खोल्यांतली पोरं पहिल्या पाळीच्या बसची वाट बघत उभी होती.

नमुना ट्रूनॅट मशिनवर गेला. ही यंत्रणा गोव्यातल्या कंपनीने बनवली आहे. सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसायला एका मिलिलिटरमध्ये ते पाच-दहा हजार असावे लागतात. मशिन जंतूचा जनुकीय अंश शोधतं, त्यामुळे त्याला फार थोडे पुरतात. दोन-तीन तासांत दोन गोष्टी कळतात: टीबी आहे का, आणि रिफाम्पिसिन हे मुख्य औषध त्याच्यावर चालेल का. खासगीत नुसता एक्स-रे बघून औषध सुरू केलं तर ही दुसरी गोष्ट कळतच नाही. औषध न चालणारा टीबी असेल तर नेहमीच्या गोळ्यांवर महिने वाया जातात. माझ्यात टीबी निघाला, पण रिफाम्पिसिन चालणारा. त्याच भेटीत साखर आणि एचआयव्हीचीही तपासणी झाली. ती प्रत्येक टीबी रुग्णाची करतात, त्यात संशयाचं काही नसतं.

गोळ्या वजनावर ठरतात. 58 किलोला रोज चार, सगळ्या एकदम. पहिले दोन महिने चार औषधं एकत्र, पुढचे चार महिने तीन. लघवी केशरी होते, ते रिफाम्पिसिनमुळे आणि घाबरण्यासारखं नाही. डोळे पिवळे पडले, सतत उलट्या झाल्या किंवा नजर अंधूक झाली तर मात्र त्याच दिवशी दवाखान्यात जायचं. सरकारच्या निक्षय पोर्टलवर नोंद झाली की आहारासाठी महिन्याला 1000 रुपये बँक खात्यात येतात. नोव्हेंबर 2024 च्या आधी ते 500 होते. महिन्याभरात बरं वाटायला लागतं, आणि गोळ्या सुटतात त्या नेमक्या तेव्हाच. मधल्या तपासणीला बेडका सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. मशिन मेलेल्या जंतूंचाही अंश पकडतं, म्हणून औषध लागू पडतंय का हे त्यावरून ठरवत नाहीत.

घरातल्या सगळ्यांची तपासणी झाली. कुणाला आजार नव्हता, तरी आईला आणि भावाच्या लहान मुलाला पुढे होऊ नये म्हणून प्रतिबंधक औषध सुरू केलं. आजार नाही याची खात्री झाल्याशिवाय ते देत नाहीत. दम्मामच्या खोलीतल्या सातही जणांना मी फोन करून सांगितलं. दोघांनी ऐकून घेतलं, बाकीच्यांनी विषय बदलला. त्यांचा राग येत नाही. पण लपवून काय मिळतं, ते आता मला दिसतंय.

परत जायचं तर पुन्हा एक्स-रे होणार, आणि बऱ्या झालेल्या टीबीचा डागही तिकडे अडचणीचा ठरतो. पण डाग केवढा राहणार हे रोग फुप्फुसात किती दिवस चरला यावर असतं. मेडिकलच्या भीतीने तीन महिने खोकला दाबणारा माणूस नेमका तोच डाग मोठा करतो. म्हणून मी पहिला एक्स-रे, ट्रूनॅटचा कागद आणि निक्षय क्रमांक एका फाइलमध्ये लावून ठेवलाय. उपचार संपल्यावरचा निगेटिव्ह रिपोर्ट आणि शेवटचा एक्स-रे त्यातच जाईल. शंका असेल त्याने 1800-11-6666 या निक्षय हेल्पलाइनला फोन करावा, किंवा गावातल्या आशाताईंना विचारावं. नळी त्यांच्याकडूनही मिळते.