फोटोतल्या रंगावरून पाणी ओळखता येते का?

प्रश्न : मोबाइलच्या फोटोत मेहरूण तलावाचे पाणी हिरवे दिसते, पावसाळ्यात तापीचे तपकिरी. तपकिरी पाणी म्हणजे प्रदूषित, असे समजावे का?
– एक वाचक, जळगाव

उत्तर : तसे समजू नका. पावसाळ्यात तापीचा तपकिरी रंग मुख्यतः शेतांतून वाहून आलेल्या गाळाचा असतो. हिरवा रंग बहुधा शेवाळाचा. पण झाडांचे प्रतिबिंबही पाणी हिरवे दाखवते. म्हणून फोटो काढताना ऊन पाठीमागून किंवा बाजूने येऊ द्या, मोबाइल तिरका खाली धरा आणि चौकटीत पांढरा कागद ठेवा. कागद पिवळट किंवा निळसर दिसला, तर कॅमेऱ्याने रंग बदलला आहे.

मग हातमोजे घालून पारदर्शक बाटलीत पाणी भरा आणि रात्रभर न हलवता ठेवा. माती तळाशी बसते. काळ्या मातीचे बारीक कण मात्र जास्त वेळ तरंगतात. हिरवा थर वर जमला, तर निळे-हिरवे शेवाळ असण्याची शक्यता आहे. तलावावर ते रंग सांडल्यासारखे पसरते, काठी बुडवली तर तिला चिकटते. तंतुमय शेवाळ काठीवर धाग्यांसारखे लोंबते.

निळ्या-हिरव्या शेवाळाच्या काही जाती विषारी असतात आणि ते विष उकळूनही जात नाही. शंका आली, तर गुरांना ते पाणी पाजू नका, मुलांना त्यात उतरू देऊ नका.

जंतू आणि नायट्रेट कोणत्याच फोटोत दिसत नाहीत. पिण्याच्या पाण्यासाठी जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेचा अहवालच ग्राह्य धरा.