कस्टमरने टॅग केलं म्हणजे परवानगी दिली असं नाही

समजा, तुमच्या दुकानातून घेतलेली ५० लिटरची सॅक पाठीवर घेऊन एक कस्टमर कोकणकड्यावर उभा आहे. फोटो त्याने इन्स्टाग्रामवर टाकलाय आणि तुमच्या दुकानाला टॅग केलंय. लगेच स्क्रीनशॉट काढून आपल्या पेजवर टाकू नका. टॅगमधून एवढंच कळतं की सॅक तुमच्याकडची आहे.

आधी बघा, फोटो काढला कुणी? सॅकवाला तर फोटोत आहे, म्हणजे बहुतेक ग्रुपमधल्या कुणीतरी काढलाय. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार फोटोचा कर्ता म्हणजे फोटो काढणारा. त्यामुळे विचारायचं दोघांना: ज्याने काढला त्याला आणि जो दिसतोय त्याला. मागे आणखी कुणाचे चेहरे स्पष्ट दिसत असतील तर त्यांनाही विचारा, नाहीतर त्या ट्रेकचा दुसरा फोटो मागा.

मेसेज असा पाठवा:

"नमस्कार, कोकणकड्यावरचा तुमचा फोटो फार आवडला. आमच्या दुकानाच्या इन्स्टाग्रामवर पोस्ट म्हणून टाकला तर चालेल का? जाहिरातीत वापरणार नाही. फोटो कुणी काढलाय? त्यांनाही विचारतो. दोघांची नावं कशी देऊ? नको असेल तर बिनधास्त सांगा."

यात "पोस्ट म्हणून" हे शब्द महत्त्वाचे आहेत. होकार मिळतो तो तेवढ्याच वापराला. दोन महिन्यांनी तोच फोटो पैसे देऊन बूस्ट करायचा असेल किंवा दुकानाबाहेरच्या फ्लेक्सवर छापायचा असेल, तर पुन्हा विचारायचं. इथे कुणी पैसे किंवा डिस्काउंट मागितला तर मला त्यात गैर वाटत नाही. शेवटी तो फोटो तुमचा माल विकणार आहे! रक्कम आणि किती दिवस वापरणार, हे छापायच्या आधी लिहून ठरवा.

उत्तर आलं नाही तर चार-पाच दिवसांनी एकदा आठवण करा, मग सोडून द्या. गप्प बसणं म्हणजे होकार नाही. होकार आला की त्या चॅटचा स्क्रीनशॉट फोटोसोबत एकाच फोल्डरमध्ये ठेवा.

आता क्रेडिट. "फोटो सौजन्य: इंटरनेट" हे क्रेडिट नाहीच. कॅप्शनच्या पहिल्या ओळीत "फोटो: अमुक, ट्रेकर: तमुक" असं लिहा, म्हणजे "आणखी वाचा" न दाबताही नाव दिसतं. हँडल टाकण्याआधी अकाउंट प्रायव्हेट आहे का ते बघा. असेल तर फक्त पहिलं नाव चालेल का विचारा, नाहीतर अनोळखी लोकांच्या रिक्वेस्ट त्यांना जातील. मुली एकट्या किंवा छोट्या ग्रुपने ट्रेकला गेल्या असतील तर त्या परत येईपर्यंत ठिकाण टाकू नका. फोटोवरचा वॉटरमार्क कापायचा नाही आणि "यांचा भरवसा फक्त आमच्या सॅकवर" असली वाक्यं त्यांच्या तोंडी घालायची नाहीत.

स्टोरीचं काम सोपं आहे. कस्टमरने त्याच्या स्टोरीत तुम्हाला मेन्शन केलं असेल तर मेसेजमध्येच ती तुमच्या स्टोरीला जोडायचा पर्याय येतो. त्याचं नाव आपोआप दिसतं आणि २४ तासांनी स्टोरी जाते. तरी मी एक ओळ टाकतोच: "शेअर करू ना?"

उद्या कुणी म्हणालं "फोटो काढा", तर कारण विचारू नका. त्याच दिवशी काढा आणि "काढला" असं कळवा.