संधि कसा ओळखावा? – दुसऱ्या अध्यायातील काही शब्द

गीतेचा नित्यपाठ करणाऱ्या वाचकांपुढे जोडशब्द आला की दोन प्रश्न उभे राहतात. शब्द नेमका कोठे तोडावा, आणि तोडल्यावर तो स्वरसंधि, व्यंजनसंधि की विसर्गसंधि म्हणावा? भिलाईसारख्या गावी मराठी घरांतील मुले शाळेत हिंदी व्याकरण शिकतात. तेथे या फोडीला ‘संधि-विच्छेद’ म्हणतात, आपण ‘संधिविग्रह’ म्हणतो. प्रकारांची नावे मात्र तीच आहेत आणि अडचणीही त्याच आहेत.

बहुतेकांचा घोटाळा एकाच ठिकाणी होतो. जोडलेल्या शब्दात जे अक्षर दिसते त्यावरून ते प्रकार ठरवू पाहतात. वास्तविक प्रकार ठरतो तो जोडण्यापूर्वी पहिल्या पदाच्या अखेरीस काय होते यावरून. तेथे स्वर असून पुढेही स्वर आला तर स्वरसंधि. तेथे व्यंजन असेल तर पुढे स्वर असो की व्यंजन, व्यंजनसंधि. तेथे विसर्ग असेल तर विसर्गसंधि. म्हणून आधी फोड, मग प्रकार, हा क्रम सोडू नये.

‘पुरुषोत्तम’ आणि ‘मनोगत’ हे दोन शब्द घ्या. दोहोंतही मध्ये ‘ओ’ ऐकू येतो. पहिल्याची फोड पुरुष + उत्तम अशी होते. येथे ‘अ’ आणि ‘उ’ मिळून ‘ओ’ झाला, म्हणून हा स्वरसंधि. दुसऱ्याची फोड ‘मन + उगत’ अशी करून पाहा. ‘उगत’ हा शब्दच नाही. फोड आहे मनः + गत. विसर्गापूर्वी ‘अ’ आणि पुढे ‘ग’सारखे मृदु व्यंजन आले की ‘अ’ व विसर्ग यांच्या जागी ‘ओ’ येतो, म्हणून हा विसर्गसंधि. फोडीतील दोन्ही तुकडे अर्थपूर्ण शब्द आहेत की नाहीत, ही पहिली कसोटी होय.

आता स्थितप्रज्ञाच्या लक्षणांतील एकाहत्तरावा श्लोक समोर ठेवू. त्यात ‘निः’ हा एकच उपसर्ग तीन रूपांनी आला आहे : निःस्पृह, निर्मम आणि निरहंकार. तिन्ही ठिकाणी पहिले पद तेच आहे. फरक पुढल्या वर्णाने केला. ‘स्पृह’च्या आरंभी ‘स’ हे कठोर व्यंजन आहे, म्हणून विसर्ग जसाच्या तसा राहिला. (‘स’पुढे लगेच कठोर व्यंजन असेल तर विसर्ग विकल्पाने गळतो, म्हणून ‘निस्पृह’ हे रूपही शुद्धच आहे.) ‘मम’च्या आरंभी मृदु व्यंजन आहे आणि विसर्गापूर्वी ‘इ’ आहे, म्हणून विसर्गाचा ‘र्’ झाला. ‘अहंकार’ शब्द स्वराने सुरू होतो. तेथेही ‘र्’च झाला, परंतु तो ‘अ’मध्ये मिसळून ‘र’ असा पूर्ण दिसतो. ‘निर + हंकार’ अशी फोड पुष्कळ विद्यार्थी करतात. ‘हंकार’ला अर्थ नाही हे ध्यानी आले की ‘अ’ परत मिळतो. पुढे ‘अहंकार’ स्वराने आरंभ होतो म्हणून कोणी याला स्वरसंधि म्हणू नये; पहिल्या पदाच्या शेवटी विसर्ग आहे, तेवढे पुरे.

याच श्लोकात ‘पुमांश्चरति’ असा शब्द आहे. ‘निश्चय’, ‘निश्चल’ हे शब्द ठाऊक असलेला वाचक ‘श्च’ पाहताच विसर्गसंधि म्हणतो. पण ‘श्’च्या आधी अनुस्वार आहे, तिकडे लक्ष द्यावे. तो अनुस्वार ‘न्’ची खूण आहे. फोड आहे पुमान् + चरति. पदाच्या शेवटच्या ‘न्’पुढे ‘च’ आला असता ‘न्’च्या जागी अनुस्वार व ‘श्’ येतात. अर्थही तेच सांगतो : चरति, वावरतो; कोण? पुमान्, पुरुष. पाणिनीच्या प्रक्रियेत मधल्या एका पायरीवर येथे विसर्ग येऊन जातो हे खरे, परंतु मूळ पदाच्या अंती ‘न्’ आहे, म्हणून गणना व्यंजनसंधीतच होते.

त्याच ओळीत ‘कामान्यः’ असे एकत्र छापलेले आढळते. काम + अन्यः अशी फोड नियमात बसते; दोन्ही तुकडे अर्थपूर्णही आहेत. मग ती चूक कशी? येथे दुसरी कसोटी लागते : वाक्याचा अन्वय. पुढे ‘सर्वान्’ हे अनेकवचनी द्वितीयेचे विशेषण आहे. त्याला ‘कामान्’ हे विशेष्य हवे. आणि उत्तरार्धात ‘सः’ आहे. त्याला जोडीचा ‘यः’ हवा. म्हणून कामान् + यः हीच फोड खरी. येथे कोणताही वर्ण बदललेला नाही, केवळ लिहिताना दोन पदे चिकटली आहेत. अशा जोडीला संधि न म्हणता संयोग म्हणावे.

दोन्ही कसोट्या लावूनही फोड एकच ठरेल असे मात्र नाही. याच अध्यायाच्या सोळाव्या श्लोकात ‘विद्यते’च्या पुढे ‘भावो’ ऐकू येते. पदाच्या अंती ‘ए’ आणि पुढे ‘अ’ असेल तर तो ‘अ’ ‘ए’मध्ये लीन होतो. याला पूर्वरूप म्हणतात आणि हा स्वरसंधि आहे. लीन झालेल्या ‘अ’ची खूण म्हणून आपण अवग्रह (ऽ) लिहितो, पण अवग्रहाला उच्चार नाही, आणि जुन्या पोथ्यांत तो पुष्कळदा लिहिलेलाच नसतो. म्हणजे विद्यते + भावः आणि विद्यते + अभावः या दोहोंचा ध्वनी एकच, आणि वृत्तातही फरक पडत नाही.

शंकराचार्यांनी ‘भावः’ असे पद घेतले : जे असत् आहे त्याला अस्तित्व नाही. मध्वाचार्यांनी ‘अभावः’ घेतले. असत् म्हणजे अव्यक्त कारण, सत् म्हणजे ब्रह्म, आणि दोहोंचाही अभाव होत नाही, असा त्यांचा अर्थ. एका न लिहिलेल्या ‘अ’ने जगाच्या कारणाविषयीचा सिद्धांत पालटतो. भाषांतरकाराला येथे दोन्ही वाचता येत नाहीत. एक पद निवडावेच लागते, आणि ते कोणाच्या भाष्याला अनुसरून निवडले हे सांगावे लागते.

याच ओळीत पुढे ‘नाभावो’ आहे. तेथे हा संशय उरत नाही. न + भावः असते तर ‘न’ ऱ्हस्वच राहिला असता. ‘ना’ असा दीर्घ ऐकू येतो त्याअर्थी न + अभावः, सवर्णदीर्घ स्वरसंधि. दीर्घसंधि लोपलेल्या ‘अ’ची खूण मागे ठेवतो, पूर्वरूप ठेवीत नाही. म्हणून ‘ए’ किंवा ‘ओ’ यांनी संपणाऱ्या पदापुढे फोड करताना नेहमी विचारावे : येथे एखादा ‘अ’ लपला आहे काय?

अभ्यासासाठी चार शब्द देतो : अध्यात्म, जगन्निवास, तपोयज्ञ, निस्त्रैगुण्य. उत्तरे झाकून आधी स्वतः फोड करावी.

उत्तरे : अधि + आत्म, ‘इ’चा ‘य्’, स्वरसंधि. जगत् + निवास, ‘त्’चा ‘न्’, व्यंजनसंधि. तपः + यज्ञ, विसर्गासह ‘अ’चा ‘ओ’, विसर्गसंधि. निः + त्रैगुण्य, विसर्गाचा ‘स्’, विसर्गसंधि. म्हणजे ‘निः’चे हे चौथे रूप.

– स्मृति नगर, भिलाई