बाजारावर लक्ष ठेवणारं शीट: काय करतं, काय करत नाही

व्हिडिओत शीट कसं बनवायचं ते दाखवलं. इथे त्याचा हिशोब नीट समजून घेऊ. उदाहरण आपल्या मोखाड्याचंच: तुम्ही नाचणीचं पीठ किंवा पापड करून विकणार आहात आणि कच्चा माल कधी, कुठून घ्यायचा हा प्रश्न आहे.

हे नक्की आहे काय?

तीन कामं, रोज ठरलेल्या वेळी, आपोआप. एक, दर आणायचा. दोन, तुमच्या नियमाशी ताडून बघायचा. तीन, नियम लागू झाला तर तुम्हाला ईमेल करायचा. बस्स.

दर data.gov.in वर मिळतात. तिथे बाजार समित्यांचे रोजचे भाव तारखेसकट येतात. गूगल शीटमधली ॲप्स स्क्रिप्ट आणि तिचा वेळेचा ट्रिगर ते उचलून आणतो. किमान आणि कमाल दर दिसतात, पण आपण बघायचा तो सर्वसाधारण दर, म्हणजे `Modal_Price`. किमान दर एखाद्या ओल्या किंवा खराब पोत्याचाही असू शकतो.

आता एक उदाहरण करून बघू

खालचे आकडे समजण्यासाठी घेतले आहेत. नाशिक बाजूच्या एका बाजार समितीतल्या मागच्या सात नोंदींची सरासरी क्विंटलला ४०५० रुपये. तुम्ही नियम ठेवलात: सरासरीपेक्षा ८ टक्के खाली आला की कळव. D कॉलममध्ये दर, नवव्या ओळीत आजचा:

```
=IF(D9<=AVERAGE(D2:D8)*0.92,"तपासा","")
```

हद्द झाली ३७२६. आज दर आला ३७००. ईमेल आला! लगेच गाडी सांगायची का?

थांबा, हिशोब करा. पाच क्विंटलला माल १८,५०० रुपये, गाडीभाडं १५०० रुपये, एकूण २०,०००. साफ करताना खडा-कचरा चार टक्के गेला, तर हातात ४८० किलो. म्हणजे किलोला ४१ रुपये ६७ पैसे. आणि गावातली बाई साफ केलेली नाचणी ४० रुपये किलोने घरपोच देते. तेवढाच माल तिच्याकडून १९,२०० मध्ये आला असता. बाजार स्वस्त झाला, तरी तुम्हाला ८०० रुपये महाग.

शीटने चूक केली नाही. नियम चुकीचा होता. टक्केवारीऐवजी तुमच्या खर्चातून हद्द काढा. गावातला किलोचा दर F1 मध्ये लिहा. एका क्विंटलमधून ९६ किलो मिळतात आणि भाडं क्विंटलला ३०० पडतं, म्हणून:

```
=IF(D9<=F1*96-300,"तपासा","")
```

४० रुपयांना हद्द येते ३५४०. आता ईमेल आला तर खरंच विचार करण्यासारखा. तुमचं भाडं आणि घट वेगळी असेल, ते आकडे तुमचेच घाला.

याच्या मर्यादा

F1 चा आकडा कुठलीही वेबसाइट देणार नाही. आपल्या आठवडी बाजारात गोणी समोर ठेवून जो भाव ठरतो, तो सरकारी नोंदीत येत नाही. तो तुम्हालाच विचारून दर आठवड्याला भरायचा आहे. जुना राहिला तर सगळी हद्दच चुकेल.

प्रतही शीटला दिसत नाही. दाणा किती वाळलाय, किड आहे का, जुना माल आहे का, हे हातात घेऊनच कळतं. ईमेल आला तरी आधी व्यापाऱ्याला फोन, मग नमुना, मग पैसे. आणि उद्या दर आणखी पडेल की चढेल, हे शीट सांगत नाही. ते फक्त झालेलं सांगतं.

बिघाड कसा ओळखायचा?

सर्वात फसवी गोष्ट म्हणजे शांतता. आठवडाभर ईमेल नाही, याचा अर्थ दर उतरला नाही असा होतो, किंवा शीट बंद पडलं असाही होतो. म्हणून दर सोमवारी, नियम लागू असो वा नसो, शेवटचा दर आणि `Arrival_Date` पाठवणारा दुसरा ट्रिगर लावा. सोमवारचा ईमेल आला नाही, तर शीट बघा.

तारीख पुढे सरकत नसेल, तर बाजार बंद आहे किंवा जुनाच दर पुन्हा पुन्हा येतोय. तो सरासरीत किंवा हद्दीशी ताडायला घेऊ नका. आणि दर ४००० वरून एकदम ४० दिसला, तर मंदी आली असं समजू नका. क्विंटलच्या जागी किलोचा भाव भरला गेलाय का ते आधी तपासा.

या आठवड्याचं काम

ट्रिगर लावायच्या आधी सात दिवस दर हातानेच शीटमध्ये भरा, आणि तीन विक्रेत्यांना गावातला भाव विचारा. स्वतःचं भाडं आणि घट धरून हद्द काढा. ती हद्द कागदावर मांडता आली, की मगच ऑटोमॅटिक करा.